आधी माणसे, मग सिद्धांत : नैतिक पेचातील हितसंबंधांचा नकाशा

नीतिशास्त्रातील एखादे प्रकरण अभ्यासाला घेतले की पहिला मोह सिद्धांत निवडण्याचा होतो. उपयुक्ततावाद लावायचा की कांटचा कर्तव्यवाद, हे ठरले की उत्तर सुचू लागते आणि लिहायलाही सोपे जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणली. तिचे जवळपास निम्मे गुण अशा प्रकरणांवरच असतात, त्यामुळे ही सवय हजारो विद्यार्थ्यांच्या हाताला लागली आहे. पण सिद्धांत आधी ठरला की कोणाचे नुकसान मोजायचे आणि कोणाकडे पाहायचेच नाही, हेही त्याच क्षणी ठरते. उपयुक्ततावादी माणूस मोजता येणाऱ्या लाभ-हानीकडे वळतो. कर्तव्यवादी माणूस कोणाची प्रतिष्ठा दुखावली हे शोधू लागतो. दोघांनाही हवे ते सापडते, कारण दोघांनी शोधले तेवढेच असते.

हा क्रम उलटा करणे, म्हणजे आधी प्रकरणात गुंतलेल्या प्रत्येकाचे हित मांडणे आणि मगच सिद्धांताला हात घालणे, याला हितसंबंधींचे विश्लेषण म्हणतात. व्यवस्थापनशास्त्रात ही कल्पना रुजली ती आर. एडवर्ड फ्रीमन यांच्या १९८४ च्या पुस्तकामुळे. कंपनीने फक्त भागधारकांचा विचार न करता, तिच्या कारभाराचा ज्यांच्यावर परिणाम होतो आणि जे तिच्या कारभारावर परिणाम करू शकतात, अशा सर्वांचा विचार करावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे व्यवस्थापनाच्या वर्गांत एक सुटसुटीत चौकट रूढ झाली. एका बाजूला सत्ता, दुसऱ्या बाजूला आस्था. ज्याच्याकडे दोन्ही भरपूर त्याला सांभाळायचे, ज्याच्याकडे दोन्ही कमी त्याच्यावर जुजबी नजर ठेवायची. प्रकल्प तडीस नेण्यासाठी ही चौकट उपयोगी आहे. नीतिशास्त्रात मात्र ती जशीच्या तशी उचलली तर घात होतो, कारण निर्णयाचा सगळा भार सोसणारा माणूस बहुधा सत्तेच्या रकान्यात शून्यावर असतो. व्यवस्थापक ज्याला शेवटी पाहतो, त्याच्यापासून नैतिक विश्लेषणाची सुरुवात करावी लागते.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायला महाराष्ट्रातील डान्सबार बंदीचे प्रकरण फार उपयोगाचे आहे. त्यात सिद्धांत आधी आला आणि माणसे मागाहून. शिवाय जवळजवळ दीड दशक न्यायालयात चालल्यामुळे त्यातील बहुतेक बाजू नोंदल्या गेल्या आहेत.

२००५ मध्ये राज्याने मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ३३अ आणि ३३ब ही कलमे घातली. तेव्हा गृहखाते आर. आर. पाटील यांच्याकडे होते. ऑगस्ट २००५ पासून बार आणि परमिट रूममधील नृत्यावर बंदी आली. ३३ब ने मात्र तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेले, तसेच काही क्लब यांना सूट दिली. बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांची संख्या ७५,००० च्या घरात असल्याचे न्यायालयासमोर सांगण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी बंदी घटनाबाह्य ठरवली, पण त्या निकालाला स्थगिती मिळाल्याने बार बंदच राहिले. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. २०१४ मध्ये राज्याने पुन्हा दुरुस्ती केली, २०१६ मध्ये नवा कायदा आणला, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातीलही अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या.

सार्वजनिक चर्चेत या वादाला सुरुवातीपासून दोनच बाजू होत्या. एकीकडे स्त्रीची प्रतिष्ठा आणि समाजाची नीतिमत्ता, दुसरीकडे व्यवसायाचे स्वातंत्र्य. नीट पाहिले तर या दोन्ही बाजू म्हणजे आधीच निवडलेली तत्त्वे आहेत. त्यांत माणूस अजून आलेला नाही.

पहिले काम यादीचे. इथे सर्वांत मोठी चूक होते ती बोलणाऱ्यांचीच यादी करण्याची. या प्रकरणात सरकार बोलत होते, बारमालकांची संघटना बोलत होती, बारबालांची संघटना आणि स्त्री संघटनाही बोलत होत्या. यादी तिथेच थांबली तर प्रकरण वर्तमानपत्रात जेवढे आले तेवढेच राहते. त्याऐवजी निर्णयाच्या वाटेने चालत जावे लागते. निर्णय कोण घेतो, तो रस्त्यावर कोण राबवतो, त्याची किंमत कोण मोजते, त्यातून कोणाला फायदा होतो, आणि जे घडते आहे ते कोणाच्या कानावरही जाणार नाही? या शेवटच्या प्रश्नातूनच बारबालेची गावी राहणारी मुले आणि म्हातारे आईवडील यादीत येतात. तिच्या मनिऑर्डरीवर त्यांची चूल आणि शाळा चालते. बारमधील वेटर, वादक आणि दारवान येतात. रात्री उशिरा त्यांना घरी सोडणारा रिक्षावाला येतो. ग्राहकाची बायको येते. छापा घालणारा हवालदार येतो. आणि ज्याच्या व्यवसायाला कायद्याने हात लावला नाही, तो तारांकित हॉटेलचा मालकही येतो.

यादीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गटांची फोड. ‘बारबाला’ हा एक गट धरला की विश्लेषण तिथेच फसते. बारमध्ये नाचणाऱ्यांत परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतील स्त्रिया होत्या. नवऱ्याने टाकल्यावर किंवा घरातील कमावते माणूस गेल्यावर दुसऱ्या कामापेक्षा इथे जास्त मिळते म्हणून आलेल्या होत्या. फसवून आणलेल्या मुली असल्याचा सरकारचा दावा होता, आणि त्यांत अल्पवयीनही असल्याचे सांगितले जात होते. या तिघींचे हित एकमेकींशी जुळत नाही. अल्पवयीन मुलीला तिथून बाहेर काढणे हेच तिचे हित. प्रौढ आणि स्वतः निर्णय घेऊन आलेल्या स्त्रीला बाहेर काढणे ही तिची हानी ठरू शकते. फोड कुठवर करायची याची कसोटी सोपी आहे. एकाच गटातल्या दोघांना एकाच निर्णयाने उलट परिणाम भोगावे लागत असतील तर तो एक गट नव्हे. ‘समाज’ हा शब्द या कसोटीवर कधीच टिकत नाही. तो यादीत दिसला की त्याच्या जागी नेमकी माणसे लिहावीत : इमारतीखाली बार असलेले रहिवासी, त्याच रस्त्याने शाळेत जाणारी मुले, रात्रपाळी करून परतणाऱ्या स्त्रिया.

मग प्रत्येक नावापुढे हित लिहायचे. मागणी आणि हित यांत गल्लत होते ती इथे. मागणी म्हणजे माणूस तोंडाने जे मागतो ते. हित म्हणजे ती मागणी पूर्ण झाल्याने त्याचे जे भले व्हावे असे त्याला वाटते ते. ग्राहकाच्या बायकोची ओळ उदाहरणादाखल पाहता येईल. तिची मागणी ‘बार बंद करा’ अशी असते. तिचे हित विचारले तर पगार घरी यावा, कर्ज होऊ नये, नवरा रात्री घरी असावा आणि मुलांसमोर भांडण होऊ नये, असे ते उलगडते. एवढे लिहून झाले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : मागणी मान्य केल्याने हे हित साधते का? बंदी नृत्यावर होती. दारू पूर्वीसारखीच मिळत राहणार होती आणि गाण्याचे ऑर्केस्ट्रा बारही चालू राहू शकत होते. म्हणजे बायकोचे जे हित सर्वांत खोल होते, त्यातील मोठा भाग या कायद्याच्या आवाक्याबाहेरच होता. कोणताही सिद्धांत न वापरता, केवळ मागणी आणि हित वेगळे लिहिल्याने हे दिसते.

आता बारबालेची ओळ, वरच्या तिघींपैकी दुसरीची. तिची मागणी बंदी उठवण्याची. हित मात्र अनेक पदरी : या महिन्याचे भाडे आणि गावी पाठवायचे पैसे, ग्राहकाने अंगचटीला येऊ नये याची खात्री, पोलिसांच्या छाप्यात आपलीच धरपकड होऊ नये ही इच्छा, मुलांना आपला व्यवसाय कळू नये ही काळजी, आणि वय वाढल्यावर हे काम सुटले की पुढे काय, हा प्रश्न. बंदी उठली तरी यांतील पहिलेच हित पूर्णपणे साधते. मालकांची मागणी आणि तिची मागणी एकच होती, न्यायालयातही दोघे एकाच बाजूला उभे होते, पण सुरक्षितता आणि कमाईतील वाटा या बाबतींत तिचे हित मालकाच्या हिताशी भिडते. एकाच बाजूला उभे असलेल्यांना एका ओळीत बसवण्याची चूक या प्रकरणात फार सहज होते.

प्रत्येक हितापुढे आणखी दोन गोष्टी लिहाव्या लागतात. पहिली, हे हित कोणी सांगितले? त्या व्यक्तीने स्वतः, तिच्या प्रतिनिधीने, की विश्लेषण करणाऱ्याने तर्काने? या खटल्यात दोन्ही बाजूंनी अभ्यास सादर केले होते. एसएनडीटी विद्यापीठ आणि स्त्री संघटनांच्या पाहणीत पाचशे बारबालांशी प्रत्यक्ष बोलणे झाले होते. सरकारही वेगळ्या अभ्यासांचा आधार घेत होते. तर्काने लिहिलेल्या हिताला नकाशात वेगळी खूण करावी, म्हणजे पुढे त्याच्यावर फार मोठा निष्कर्ष उभा राहत असेल तर ते लक्षात येईल. बारबालेची प्रतिष्ठा जपणे हे बंदीच्या बाजूने मांडले गेलेले मुख्य हित होते, आणि ते तिच्या वतीने इतरांनी लिहिलेले होते. म्हणून ते खोटे ठरत नाही. पण ज्या स्त्रीच्या नावावर ते लिहिले, ती ते मान्य करील का, हे तपासायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. दुसरी गोष्ट हानी भरून येण्याजोगी आहे की नाही ही. मालक बारचे परमिट रूम किंवा हॉटेल करू शकतो. त्याचे नुकसान मोठे असले तरी भरून निघते. शाळा सोडलेली मुलगी किंवा देहविक्रयाकडे ढकललेली स्त्री यांचे नुकसान तसे नसते.

हवालदाराची ओळ बहुतेक विद्यार्थी गाळतात, कारण हप्त्यासारखे हित मान्य करण्याजोगे नसते. ते गाळू नये. नकाशात येणे म्हणजे त्या हिताला मान्यता मिळणे नव्हे. हप्ता घेणाऱ्याचे हित वैध नाही हा निवाडा पुढच्या टप्प्यावर सहज करता येतो, पण तो नकाशातच नसेल तर बंदी आल्यावर चोरून चालणाऱ्या बारांतून हप्ता वाढू शकतो, हा परिणाम कोणाच्या लक्षातच येत नाही.

ओळी भरून झाल्या की त्यांच्यामध्ये रेषा ओढायच्या : कोणाचे हित कोणाशी भिडते, कोणाचे कोणाशी जुळते, आणि कोणते हित कोणत्याच ओळीशी जोडले जात नाही. डान्सबारच्या नकाशात इथे दोन गोष्टी उठून दिसतात. एक, ग्राहकाची बायको आणि बारबाला या चर्चेत एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या गेल्या होत्या, पण दोघींचे मूळ हित एकच आहे, घरखर्चाला नियमित पैसा. नवऱ्याने एका रात्रीत उधळलेल्या नोटा हा दोघींचाही प्रश्न आहे, कारण बारबालेची कमाईही त्या लहरीवरच अवलंबून असते. दुसरी गोष्ट कलम ३३ब ची. बंदीचे सांगितलेले हित स्त्रीची प्रतिष्ठा असेल, तर तीन तारांकित हॉटेलात नाचणाऱ्या स्त्रीची प्रतिष्ठा वेगळी कशी? नकाशात या दोन स्त्रियांच्या ओळी शेजारी शेजारी लिहिल्या की एकीवर बंदीची रेषा येते आणि दुसरीवर येत नाही, आणि फरक एवढाच की समोर बसलेल्या ग्राहकाच्या खिशात पैसे जास्त आहेत. उच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वावर नेमके हेच धरले. सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले.

सरकारने २०१४ मध्ये यावर दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. त्या दुरुस्तीत तारांकित हॉटेलांची सूटच काढून टाकली, म्हणजे बंदी सर्वांना सारखी केली. तर्काची विसंगती त्यामुळे मिटली. पण नकाशातील एकही हित त्यामुळे साधले गेले नाही. बारबालेचे भाडे, बायकोचा घरखर्च आणि अल्पवयीन मुलीची सुटका, सगळे होते तिथेच राहिले. तत्त्वाच्या पातळीवर दुरुस्ती करताना माणसांच्या ओळी पुन्हा वाचल्या नाहीत तर असे होते.

एवढे झाल्यावर सिद्धांत आणावा, आणि आता त्याचे काम अधिक नेमके होते. उपयुक्ततावादाला विचारता येते की एकूण परिणाम काय, आणि उत्तर देण्यासाठी त्याच्या हातात गावाकडची मुले, वेटर आणि वाढणारा हप्ता ही सामग्री असते. २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदीनंतर अनेक स्त्रिया देहविक्रयाकडे वळल्याची दखल घेतली. उपाय मूळ रोगापेक्षा वाईट ठरल्याचे त्याचे मत होते. पहिल्या टप्प्यावर ‘काम गेले तर ती कुठे जाईल’ हा प्रश्न विचारला असता, तर ही शक्यता २००५ मध्येच कागदावर आली असती.

कांटचा सिद्धांत इथे सर्वांत रंजक ठरतो. कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा त्याचा गाभा. नकाशाशिवाय तो वापरला तर बंदीचे समर्थन होते, कारण ग्राहक नाचणाऱ्या स्त्रीला साधन म्हणून पाहतो. पण याच सिद्धांताचा दुसरा भाग प्रौढ माणसाने स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घ्यावा, याचा आदर करायला सांगतो. तो वापरला तर बंदीला विरोध होतो. गटाची फोड झालेली असेल तर हा गुंता सुटतो. फसवून आणलेल्या मुलीच्या ओळीवर पहिला भाग लागू होतो, स्वतः आलेल्या प्रौढ स्त्रीच्या ओळीवर दुसरा. एकच सिद्धांत दोन ओळींवर दोन उत्तरे देतो, आणि त्यातून मिळणारा उपाय म्हणजे सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक यांपैकी एकही नाही. वयाची तपासणी, फसवून आणणाऱ्यांवर कारवाई, आणि प्रौढ स्त्रीला सुरक्षितपणे काम करता येईल अशा अटी, असा तो उपाय बनतो. असलेले कायदे आणि परवान्याच्या अटी कडकपणे राबवाव्यात, या न्यायालयाच्या म्हणण्याची दिशाही तीच आहे. रॉल्सच्या न्यायविचाराची गोष्टही अशीच. सर्वांत तळाच्या माणसाला निर्णयाने काय मिळते हे तो विचारतो, आणि तळाचा माणूस कोण हे ओळखायला नकाशा हाताशी असावा लागतो.

पद्धतीच्या मर्यादाही आहेत. नकाशा हिते दाखवतो, त्यांचे वजन ठरवत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांची अस्वस्थता आणि बारबालेचे भाडे या दोन ओळी शेजारी असल्या तरी कोणती जड, हे सांगायला मूल्यांचाच आधार लागतो. दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. खूप काळ दुसरा पर्याय न दिसलेली व्यक्ती स्वतःचे हित लहान करून सांगते. तिला दुसरे काम हवे आहे का असे विचारले तर ती नको म्हणते, कारण दुसरे काम मिळेल यावर तिचा विश्वास उरलेला नसतो. म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत, पण त्यांच्या शेजारी तिच्यासमोर खरोखर कोणते पर्याय होते हेही लिहावे.

नकाशा बिघडला आहे हे ओळखायची एक खूण म्हणजे त्यातील भाषा. एखाद्या ओळीत ‘बळी’, ‘अश्लील’, ‘लोभी’ असे शब्द आले की निवाडा आधीच झाला आहे असे समजावे. तिथे ‘नृत्य करणारी स्त्री’, ‘उत्पन्नावर अवलंबून असलेला मालक’ असे साधे वर्णन लिहून पाहावे, आणि हित अजून तसेच दिसते का ते तपासावे. दुसरी खूण यादीच्या लांबीत असते. दहा-बारा ओळींनंतर यादी वाढत राहते तेव्हा प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा : ही ओळ खोडली तर कोणत्याही पर्यायाचे मूल्यमापन बदलते का? बदलत नसेल तर ती खोडावी. परीक्षेत वीस गुणांच्या प्रकरणाला सहा-सात ओळी पुरतात, पण त्यांत निर्णयाचा भार सोसणारी आणि बोलायला जागा नसलेली एक तरी ओळ असलीच पाहिजे.

पर्याय बदलला की नकाशाही पुन्हा मांडावा लागतो. २०१६ च्या कायद्याने बंदीऐवजी अटी आणल्या, आणि त्या अटींनी नवी हिते जन्माला घातली. बारमध्ये सीसीटीव्ही लावण्याच्या सक्तीने नाचणारी स्त्री आणि ग्राहक या दोघांच्या खासगीपणाची ओळ नकाशात आली. ती बंदीच्या वेळी अस्तित्वातच नव्हती. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतराच्या अटीने मुंबईसारख्या दाट शहरात जागाच उरणार नव्हती, म्हणून मालकाचे हित अटीच्या पूर्ततेकडून पुन्हा बंदीकडे सरकले. २०१९ च्या निकालात या दोन्ही अटी रद्द झाल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा या वेळेची मर्यादा कायम राहिली, आणि नोटा उधळण्यास मनाई राहून हातात बक्षिसी देण्यास परवानगी मिळाली.